दिवा कोणी लावला?

‘दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाला सुरुवात झाली.’ स्नेहसंमेलनाचा अहवाल असो, विज्ञान प्रदर्शनाची बातमी असो, हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत हमखास सापडतं. कुणाला त्यात काही खटकत नाही, कारण वर्तमानपत्रांत ते इतक्यांदा छापून आलंय की कान सरावले आहेत. पण वाक्यालाच विचारलं की दिवा कोणी लावला, तर उत्तर मिळत नाही. झाली ती सुरुवात. सुरुवात काही काडेपेटी घेऊन उभी नव्हती.

त्याच अहवालातलं पुढचं वाक्य पाहा: ‘पाहुण्यांना पुष्पगुच्छ देऊन ते व्यासपीठावर बसले.’ इथे मात्र वाचणारा थबकतो. पाहुण्यांनी स्वतःच स्वतःला पुष्पगुच्छ दिला की काय? रचना दोन्ही वाक्यांची एकच. पहिल्या वाक्यात ‘सुरुवात’ ही अमूर्त वस्तू असल्यामुळे ती दिवा लावेल असं कुणाच्या मनातही येत नाही आणि चूक पचून जाते. दुसऱ्या वाक्यात ‘ते’ म्हणजे हाताबोटांची माणसं आहेत, पुष्पगुच्छ देऊ शकणारी. त्यामुळे चूक उघडी पडते.

विद्यार्थ्यांच्या लेखनात वाक्याचा एखादा तुकडा असा अधांतरी राहतो किंवा भलत्याच शब्दाला जाऊन चिकटतो, तेव्हा शिक्षक बहुधा लाल शाईने ‘वाक्यरचना चुकली’ असं लिहितात. ते खरं असतं, पण त्याचा उपयोग शून्य. मुलाला कळत नाही की नेमकं काय चुकलं. मराठीत या चुका ठरावीक जागीच होतात आणि त्या जागा प्रत्ययांवरून ओळखता येतात. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातले या चुकांचे नियम उचलून मराठीला लावले तर अर्ध्या चुका निसटतात आणि बरोबर असलेली कितीतरी वाक्यं विनाकारण लाल होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘ऊन’चा. करून, जाऊन, देऊन, उठून. हा प्रत्यय लागलेलं क्रियापद स्वतःचा कर्ता सोबत आणत नाही, मुख्य क्रियापदाचा कर्ता उसना घेतो. ‘आई घरी येऊन स्वयंपाकाला लागली’ यात आलीही आईच आणि स्वयंपाकाला लागलीही आईच. आता ‘आई घरी येऊन आम्ही जेवलो’ असं म्हणून पाहा. मराठी कानाला ते लगेच बोचतं. ‘आई घरी आल्यावर आम्ही जेवलो’ म्हटलं की बोच जाते. कर्ते दोनच आहेत, घटना त्याच आहेत, बदलला तो फक्त प्रत्यय. ‘ल्यावर’, ‘ताना’ आणि ‘ताच’ हे प्रत्यय स्वतःचा वेगळा कर्ता सांभाळू शकतात, ‘ऊन’ला सहसा ते जमत नाही. घंटा वाजताच मुलं पळाली, हे चालतं. घंटा वाजून मुलं पळाली, हे नाही.

इतका साधा नियम मुलांकडून का मोडतो? लिहिताना वाक्य लांबतं म्हणून. बोलताना आपण ‘ऊन’ची माळ सहज ओवतो: उठून, आंघोळ करून, डबा घेऊन, सायकल काढून शाळेत गेलो. यात काहीच चूक नाही, चारही कामं एकाच माणसाची आहेत. पण लिहिताना तिसऱ्या ‘ऊन’पर्यंत पोचेतो मुलाच्या डोक्यातला कर्ता बदललेला असतो, आणि कागदावर येतं: ‘उठून, आंघोळ करून, डबा घेऊन शाळेची बस आली.’ बसने आंघोळ केली. मुलाला हे दिसत नाही, कारण त्याच्या मनातल्या चित्रात तो स्वतः उभा आहेच. फक्त कागदावर नाही.

विज्ञानाच्या प्रयोगवहीत तर या चुकीचं पीक येतं, कारण तिथे ‘मी’ किंवा ‘आम्ही’ लिहायचं नाही असा संकेत असतो. ‘परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात जस्ताचे तुकडे टाकून वायू बाहेर पडतो.’ आम्ल घेणारा आणि जस्त टाकणारा विद्यार्थी, बाहेर पडणारा हायड्रोजन. दोन्ही ‘ऊन’ वायूच्या गळ्यात पडले आहेत. आता दुरुस्ती करताना दोन्ही ‘ऊन’ बदलायची गरज नाही, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. ‘परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात जस्ताचे तुकडे टाकल्यावर वायू बाहेर पडतो.’ घेणारा आणि टाकणारा एकच, म्हणून पहिला ‘ऊन’ जागच्या जागी बरोबर आहे. आता तो ‘टाकल्यावर’ला टेकला आहे, ‘पडतो’ला नाही. कर्ता जिथे बदलतो त्या सांध्यावरचा प्रत्यय तेवढा बदलायचा. हे एकदा मुलांच्या लक्षात आलं की ती वाक्य खोडून नव्याने लिहीत बसत नाहीत, एकाच शब्दाच्या शेपटाला हात लावतात.

दीपप्रज्वलनाच्या वाक्याला तीन वाटा आहेत. ‘दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाला सुरुवात करण्यात आली’ असं लिहिलं तर चालतं. ‘करण्यात आली’मध्ये करणारा लपलेला असला तरी असतो, आणि ‘करून’ त्याच्याशी जोडला जातो. ‘झाली’मध्ये करणारा मुळी नसतोच. दुसरी वाट म्हणजे ‘करून’ काढून टाकणं: ‘कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली.’ तिसरी वाट माणसाला वाक्यात आणण्याची: ‘मुख्याध्यापिकांनी दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाला सुरुवात केली.’ तिसरी सर्वात चांगली. तिने वाक्य तर दुरुस्त होतंच, शिवाय वाचणाऱ्याला एक माहितीही मिळते. ‘करण्यात आली’ हे दुरुस्तीचं औषध म्हणून चालेल, पण त्याची चटक लागली की निबंधाचं परिपत्रक होतं.

पुष्पगुच्छाच्या वाक्यात मात्र प्रत्यय बदलून भागतं: ‘पुष्पगुच्छ दिल्यावर पाहुणे व्यासपीठावर बसले.’ भागतं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. देणारा अजूनही गुलदस्त्यातच आहे. ‘विद्यार्थ्यांनी पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले. मग पाहुणे व्यासपीठावर बसले.’ अशी दोन वाक्यं केली तर कुणाचंही काही बिघडत नाही. लांब वाक्य म्हणजे भारदस्त वाक्य, ही समजूत मुलांना कुठून मिळते कोण जाणे.

आता ‘ऊन’चा कर्ता म्हणजे व्याकरणातला प्रथमेतला कर्ता, असं कुणी घट्ट धरून बसलं तर मोठी पंचाईत होईल. ‘बातमी ऐकून त्याला धक्का बसला.’ बसला तो धक्का, ऐकली त्याने. नियमाप्रमाणे चूक ठरावी, पण हे अस्सल मराठी वाक्य आहे. धक्का, राग, भूक, झोप, आठवण अशा गोष्टी आपल्याकडे माणसाला येतात, लागतात, बसतात. तिथे ज्याला ते जाणवतं तोच खरा धनी असतो आणि ‘ऊन’ त्याच्याशी जोडला जातो. ‘पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं’ हेही त्याच कारणाने चालतं. डोळे वाचणाऱ्याचेच आहेत.

शिवाय कारण आणि परिणाम दाखवणारा ‘ऊन’ वेगळा. ‘भिंत कोसळून दोन मजूर जखमी झाले.’ कोसळली भिंत, जखमी झाले मजूर, आणि वाक्य निर्दोष. इथे दोन्ही घटना आपोआप घडलेल्या आहेत, कुणी ठरवून केलेल्या नाहीत. ‘पाऊस पडून रस्त्यावर चिखल झाला’ हेही तसंच. पण पहिली क्रिया कुणीतरी हेतुपूर्वक केलेली असली की ही सवलत संपते: ‘मजुरांनी भिंत पाडून रस्ता बंद झाला’ हे लंगडतं, ‘मजुरांनी भिंत पाडल्यामुळे रस्ता बंद झाला’ हे सरळ चालतं. विद्यार्थ्याचं वाक्य तपासताना म्हणून आधी पाहायचं ते हे, की ‘ऊन’ लागलेलं काम कुणी हातांनी केलंय की नुसतं घडलंय.

आणखी काही ‘ऊन’ असे आहेत की ते क्रियापदाचं काम केव्हाच सोडून बसले आहेत. ‘रविवार सोडून दुकान रोज उघडं असतं.’ ‘सगळे मिळून चाळीस जण होते.’ ‘सुट्ट्या धरून महिना लागला.’ ‘शाळा सुटून तास झाला.’ यात कोणी सोडलं, कोणी धरलं असं विचारायचं नसतं. ‘थोडक्यात सांगायचं तर’, ‘एकंदरीत पाहता’ हे तुकडेही लेखकाचे असतात, वाक्यातल्या कर्त्याचे नव्हेत. नव्याने नियम शिकलेला उत्साही विद्यार्थी यांच्यावरही लाल रेघ ओढतो. त्याला थांबवायला हवं.

‘ऊन’ची एक वेगळीच खोड नकारात दिसते. ‘रोहन अभ्यास करून पास झाला नाही.’ अभ्यास केला आणि तरी नापास झाला, की पास झाला पण अभ्यास न करता? ‘नाही’ची सावली कुठवर पडते, ते वाक्य सांगत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर एक ‘ही’ पुरतो: अभ्यास करूनही रोहन पास झाला नाही. दुसरा हवा असेल तर: रोहन पास झाला, पण अभ्यास करून नव्हे. ‘माझा भाऊ वडिलांसारखा तापट नाही’ हे याच कुळातलं. वडील तापट आहेत की नाहीत, हे यावरून कुणी सांगून दाखवावं. ‘वडील तापट आहेत, भाऊ तसा नाही’ किंवा ‘वडिलांप्रमाणे भाऊही तापट नाही’, यांतलं काय ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. दुरुस्त करणाऱ्याने परस्पर ठरवू नये. समासात ‘वडील तापट आहेत का?’ एवढंच लिहावं.

‘ताना’ची अडचण याच्या नेमकी उलट. तो कुणाचाही कर्ता चालवून घेतो, म्हणून वाक्य चुकत नाही, दुटप्पी होतं. ‘रस्ता ओलांडताना मी आजोबांना पाहिलं.’ रस्ता कोण ओलांडत होतं? मी, की आजोबा? व्याकरणाला दोन्ही मंजूर. आता शब्द तेच ठेवून फक्त जागा बदलू. ‘मी आजोबांना रस्ता ओलांडताना पाहिलं.’ ओलांडणारे आजोबा, हे आता बरंच पक्कं झालं, कारण ‘ओलांडताना’ आजोबांच्या पाठोपाठ आलं. पूर्ण पक्कं हवं असेल तर ‘रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना मी पाहिलं.’ आणि ओलांडणारा मीच असेन तर ‘मी रस्ता ओलांडत होतो, तेव्हा मला आजोबा दिसले.’

याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. मराठीत विशेष माहिती देणारा शब्द आधी येतो आणि ज्याच्याविषयी माहिती द्यायची तो नंतर. वाचणारा ती माहिती हातात धरून पुढे चालतो आणि जुळेल असा पहिला शब्द भेटला की त्याच्या हवाली करून मोकळा होतो. लेखकाच्या मनात चौथा शब्द असेल, पण वाचक दुसऱ्याच शब्दापाशी मोकळा झालेला असतो. ‘दूध पिऊन आईने मुलाला झोपायला सांगितलं’ यात दूध आईने प्यायलं. ‘आईने मुलाला दूध पिऊन झोपायला सांगितलं’ यात मुलाने प्यायचंय. एकही अक्षर न बदलता दुधाचा पेला या हातातून त्या हातात गेला.

याच कारणाने ‘शिक्षकांनी दररोज व्यायाम करणाऱ्या मुलांचं कौतुक केलं’ यात ‘दररोज’ व्यायामाला जाऊन चिकटतं, कारण पहिली क्रिया तीच भेटते. लेखकाला रोजचं कौतुक म्हणायचं असेल तर ‘दररोज’ला व्यायामाच्या पलीकडे न्यावं लागेल: ‘व्यायाम करणाऱ्या मुलांचं शिक्षकांनी दररोज कौतुक केलं.’ काल, आज, लवकर, पुन्हा, नेहमी हे सगळे याच जातीचे उडाणटप्पू शब्द. ‘काल आलेल्या पाहुण्यांना त्याने बाजार दाखवला’ आणि ‘आलेल्या पाहुण्यांना त्याने काल बाजार दाखवला’ यांत तारखेचाच फरक पडतो.

विशेषणांचं प्रकरण सगळ्यांत मजेचं, कारण तिथे मराठीने एक कुलूप दिलेलं आहे आणि ते अर्ध्याच दारांना बसतं. ‘शुद्ध गाईचे तूप’ ही पाटी सर्वांना माहीत आहे. शुद्ध काय, गाय की तूप, असा विनोद त्यावर नेहमी होतो आणि ‘गाईचे शुद्ध तूप’ अशी दुरुस्ती सुचवली जाते. पण ‘ताजे गाईचे दूध’ या पाटीवर तसा विनोद कुणी करत नाही. का? ‘ताजे’ हे रूप नपुंसकलिंगी आहे, ते दुधालाच लागू शकतं. गाय ताजी असती तर ‘ताज्या गाईचे दूध’ झालं असतं. आकारान्त विशेषण पुढच्या नामाप्रमाणे रूप बदलतं, आणि नामाला प्रत्यय लागून त्याचं सामान्यरूप झालं की विशेषणाचंही ‘ताज्या’, ‘जुन्या’, ‘पिकलेल्या’ असं होतं. म्हणून ‘पिकलेला’ आणि ‘पिकलेल्या’ यावरूनच कळतं की नातं कुणाशी आहे. शुद्ध, गोड, गरम, थंड, सुंदर, लाल, लहान ही विशेषणं मात्र कुणासमोरही वाकत नाहीत. ‘थंड उसाचा रस’, ‘गरम चुलीवरची भाकरी’, ‘सुंदर मुलींचे कपडे’, यांत रूप काहीच सांगत नाही, सगळा भार जागेवर पडतो. म्हणून या न बदलणाऱ्या विशेषणांना ज्या नामाबद्दल ती आहेत त्याच्या अगदी अलीकडे, मध्ये कुणालाही न येऊ देता बसवायचं: उसाचा थंड रस, चुलीवरची गरम भाकरी, मुलींचे सुंदर कपडे.

‘शुद्ध, गाईचे तूप’ असा स्वल्पविराम देऊनही काम होतं असं काही जण सांगतात. होतं, पण तो स्वल्पविराम पुढच्या नकलेत गळतो. शब्दाची जागा गळत नाही.

बदलणाऱ्या विशेषणांचंही कुलूप एका ठिकाणी उघडंच राहतं, आणि विद्यार्थी नेमके तिथे सापडतात. ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ म्हणजे पुस्तकं जुनी. ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ म्हणजे दुकान जुनं. इथवर स्वच्छ आहे. आता दुकानाला प्रत्यय लावा: ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो.’ दुकानाचंही सामान्यरूप झालं, त्यामुळे ‘जुन्या’ हे रूप आता दोघांनाही बसतं. पुस्तकं जुनी की दुकान जुनं, हे रूपावरून सांगता येत नाही. वाचणारा सवयीने पुस्तकं जुनी असं धरतो, कारण तो शब्द आधी भेटतो. दुकान जुनं असेल तर ‘पुस्तकांच्या जुन्या दुकानात’ असंच लिहायला हवं. साधं वाक्य बरोबर लिहिणारा मुलगा ‘दुकानात’, ‘दुकानासमोर’, ‘दुकानापाशी’ आलं की का घसरतो, याचं कारण हे आहे. त्याने काही नवी चूक केलेली नसते, भाषेने दिलेली मदत तिथे थांबलेली असते.

‘लेला’ आणि ‘णारा’ लागलेली विशेषणं लांब असतात, म्हणून त्यांचा गोंधळही ठसठशीत होतो. ‘पिंजऱ्यात ठेवलेल्या शेजारच्या काकांच्या पोपटाने शीळ घातली.’ काका पिंजऱ्यात. ‘शेजारच्या काकांच्या, पिंजऱ्यात ठेवलेल्या पोपटाने’ असं केलं की काका सुटतात. ‘शेजारच्या काकांनी पिंजऱ्यात ठेवलेल्या पोपटाने’ त्याहून चांगलं, काकांना काम मिळालं आणि स्वल्पविरामही लागला नाही.

हे सगळं एका सलग परिच्छेदावर कसं चालतं ते पाहू. आठवीच्या मुलाने लिहावा तसा हा सहलीचा मजकूर:

‘गेल्या रविवारी आमच्या वर्गाची सहल सिंहगडावर गेली. पहाटे उठून, डबा भरून बस शाळेसमोर उभी होती. गड चढताना सरांनी आम्हाला इतिहास सांगितला. वर पोचून थंडगार वारा सुटला होता. आम्ही गरम चुलीवरची भाकरी आणि पिठलं खाल्लं. तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाची माहिती ऐकून सगळ्यांना भरून आलं. पडक्या किल्ल्याच्या दरवाजापाशी फोटो काढले. परतताना दमून बसमध्येच झोप लागली.’

पहिल्या वाचनात फक्त ‘ऊन’खाली रेघ मारायची आणि प्रत्येकाला ‘कोणी?’ एवढंच विचारायचं. उठून, भरून, पोचून, ऐकून, दमून. पहिल्या दोहोंचं उत्तर ‘आम्ही’ येतं, पण वाक्य संपतं ते बसवर. दुरुस्ती: ‘पहाटे उठून, डबा भरून आम्ही शाळेसमोर आलो, तेव्हा बस उभीच होती.’ प्रत्यय बदलून ‘डबा भरल्यावर बस उभी होती’ केलं असतं तर व्याकरण सुधारलं असतं, पण डबा भरण्याचा आणि बस उभी असण्याचा काय संबंध, हे कळलंच नसतं. मध्ये शाळेपर्यंत येणं राहून गेलं होतं, तेच लिहून काढणं हा इलाज. अधांतरी तुकडा पुष्कळदा अशी गळलेली पायरी दाखवून देतो.

‘वर पोचून’ला उत्तर ‘आम्ही’, वाक्यात मात्र वारा. इथे मुलं झटकन ‘पोचल्यावर’ करतात. ‘वर पोचल्यावर थंडगार वारा सुटला होता’ यात काळ अडखळतो. ‘पोचल्यावर’ म्हणजे पोचण्यानंतर काहीतरी घडलं, आणि ‘सुटला होता’ म्हणजे आधीपासूनच होता. ‘वर पोचलो तेव्हा थंडगार वारा सुटला होता’ हे बरोबर. वारा नंतर सुटला असेल तर ‘वर पोचल्यावर थंडगार वारा सुटला’, ‘होता’शिवाय.

‘ऐकून भरून आलं’ आणि ‘दमून झोप लागली’ या दोन्हींना हात लावायचा नाही. भरून येणं आणि झोप लागणं ज्यांना झालं तेच ऐकणारे, तेच दमलेले. ‘भरून आलं’मधला ‘ऊन’ तर क्रियापदातच मुरलेला आहे.

दुसऱ्या वाचनात ‘ताना’. ‘गड चढताना सरांनी इतिहास सांगितला.’ चढत होते सर की मुलं? दोघंही. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतील तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, हे सांगायलाच हवं. नाहीतर मुलं ‘आम्ही आणि सर गड चढत असताना’ असली जडजंबाल वाक्यं लिहू लागतात.

तिसऱ्या वाचनात विशेषणं. ‘गरम चुलीवरची भाकरी’: चूल गरम असणारच, सांगायची आहे ती भाकरी. ‘चुलीवरची गरम भाकरी’. ‘पडक्या किल्ल्याच्या दरवाजापाशी’ हे वर पाहिलेलं, कुलूप उघडं राहिलेलं ठिकाण. पडका दरवाजा म्हणायचं असेल तर ‘किल्ल्याच्या पडक्या दरवाजापाशी’. इथे मुलाला विचारावं की दरवाजा कुठला? सिंहगडाला पुणे दरवाजा आहे, कल्याण दरवाजा आहे. ‘कल्याण दरवाजापाशी फोटो काढले’ असं त्याने लिहिलं तर विशेषणाचा प्रश्नच मिटतो.

आठ वाक्यांच्या परिच्छेदात खऱ्या चुका दोन, संदिग्ध जागा दोन, आणि चुकीसारख्या दिसणाऱ्या पण निर्दोष जागा तीन. तीन वाचनांना वेळ लागतो ही तक्रार रास्त आहे. एकच करणं शक्य असेल तर ‘ऊन’चं करावं. संदिग्ध वाक्य वाचणारा संदर्भाने सावरून घेतो, बसला आंघोळ घातलेलं वाक्य मात्र सावरता येत नाही.

मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी लिहितात तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूने त्रास देते. ‘शाळेत जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठीत बिनचूक आहे. त्याचं शब्दशः ‘व्हाइल गोइंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड’ केलं की इंग्रजीचे परीक्षक गुण कापतात, कारण त्या भाषेत पाऊसच शाळेला निघाल्यासारखं होतं. मुलाला वाटतं, मी तर बरोबर लिहिलंय, आणि त्याच्या भाषेपुरतं ते खरं असतं. त्याला इतकंच सांगावं, की इंग्रजीतलं वाक्याच्या तोंडाशी येणारं ‘गोइंग’ दिसायला ‘जाताना’सारखं असलं तरी वागायला ‘जाऊन’सारखं आहे. त्याला स्वतःचा कर्ता नसतो, पुढचा लागतो. ‘पाऊस’ तिथे कर्ता नको, ‘मी’ हवा. किंवा सरळ ‘व्हाइल आय वॉज गोइंग’ म्हणून कर्ता त्याच्या हातात द्यावा. ज्या मुलाच्या कानाला ‘आई घरी येऊन आम्ही जेवलो’ बोचतं, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘जाऊन पाऊस सुरू झाला’ असं मोठ्याने म्हणायला सांगितलं की तो स्वतःच हसतो आणि वाक्य खोडतो.